सेकंदाला चार थांबे: अर्थ न सांडता इंग्रजी वाचनाचा वेग वाढवताना

वाचताना नजर ओळीवरून सरळ सरकत जाते असं वाटतं, पण तसं होत नाही. डोळा एका जागी थांबतो, मग उडी मारून पुढच्या जागी जातो, पुन्हा थांबतो. थांबा साधारण २०० ते २५० मिलिसेकंदांचा असतो आणि उडी २० ते ३५ मिलिसेकंदांची. अक्षरं दिसतात ती थांब्यावर. उडी चालू असताना काहीच वाचलं जात नाही. म्हणजे सेकंदाला फार तर चार थांबे. एका थांब्यात सरासरी एक शब्द उचलला, तर मिनिटाला २४० शब्द होतात. २०१९ साली १९० अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून इंग्रजीतल्या मूकवाचनाचा सरासरी वेग काढला गेला. माहितीपर मजकुरासाठी तो मिनिटाला २३८ शब्द निघाला, मोठ्यानं वाचताना १८३.

या गणितातून दोन गोष्टी कळतात. तुमचा वेग १२० ते १५० च्या आसपास असेल, तर तुम्ही एकेका शब्दावर दोनदा थांबता आहात, किंवा थांबे लांबताहेत, किंवा नजर सारखी मागे जाते आहे. ही गळती बंद करता येते. दुसरी गोष्ट अशी की मिनिटाला हजार शब्दांचा दावा खरा ठरायला प्रत्येक थांब्यात चार शब्द उचलावे लागतील, आणि डोळ्याची रचना तेवढं देत नाही. इंग्रजी वाचताना शब्द ओळखण्याइतकं स्पष्ट दिसतं ते थांब्याच्या उजवीकडे सात-आठ अक्षरं आणि डावीकडे तीन-चार. उजवीकडे चौदा-पंधरा अक्षरांपर्यंत पुढचा शब्द किती लांब आहे आणि मोकळी जागा कुठे आहे, एवढा अंदाज येतो. त्यापलीकडे धूसर. हजाराच्या वेगानं ‘वाचणारा’ खरं तर मजकूर चाळत असतो. चाळणंही कामाचं आहे, पण ते वेगळं काम.

तेव्हा ‘आय स्पॅन’, म्हणजे एका थांब्यात नजरेत मावणारा भाग, रुंद करणं याचा खरा अर्थ डोळ्याचं क्षेत्र ताणणं असा नाही. जे क्षेत्र आधीच मिळालेलं आहे ते पूर्ण वापरणं, एवढाच. आकड्यांचे पाच बाय पाचचे चौकोन बघत बसण्याचा व्यायाम बरेच जण सुचवतात. त्यानं चौकोनातले आकडे शोधायला चपळाई येते. वाचनासाठी तो वेळ वाचनातच घातलेला बरा.

आधी मोजा, तेही दोन बाजूंनी

वेग मोजायला सगळे शब्द मोजायची गरज नाही. छापील पुस्तकाच्या सलग पाच भरलेल्या ओळींतले शब्द मोजा आणि पाचानं भागा. समजा ६० शब्द भरले, म्हणजे ओळीला १२. आता पाच मिनिटांचा गजर लावून नेहमीसारखं वाचा आणि वाचलेल्या ओळी मोजा. ६२ ओळी झाल्या, तर ६२ गुणिले १२ म्हणजे ७४४ शब्द, आणि पाचानं भागून वेग १४९. एका मिनिटाच्या चाचणीवर विसंबू नका. तेवढ्या वेळात माणूस जीव तोडून पळतो आणि आकडा फुगतो.

समज मोजण्यासाठी प्रश्न तयार असलेले उतारे घ्या, म्हणजे परीक्षांच्या तयारीच्या पुस्तकात असतात तसे. दहा प्रश्नांत सगळे तपशिलाचे नकोत. ‘हे का झालं’ आणि ‘लेखकाचं म्हणणं काय’ अशा प्रकारचे निदान पाच-सहा हवेत, कारण वेगाच्या नादात हे दुवेही तुटतात. चार पर्यायांचे प्रश्न असतील तर न वाचताही दहात दोन-तीन उत्तरं नशिबानं बरोबर येतात, हेही ध्यानात ठेवा. दहापैकी आठ ही आपली रेषा. वेग कितीही वाढला तरी सलग दोन उताऱ्यांत समज सातच्या खाली गेली, की तो वेग तुमचा नाही.

शिवाय एक चाळणी आधीच लावा. मजकुरातले कुठलेही शंभर शब्द घ्या. त्यात दोनाहून जास्त शब्द अनोळखी असतील तर तो उतारा वेगाच्या सरावासाठी नाही. अनोळखी शब्दावर थांबा लांबणारच, आणि लांबायलाच हवा. तिथे अडचण डोळ्याची नसते, शब्दसंग्रहाची असते. सरावासाठी मजकूर हट्टानं सोपा घ्या. कठीण पुस्तकावर वेगाचा सराव करण्याची चूक इतकी सार्वत्रिक आहे की बहुतेकांचा प्रयत्न तिथेच संपतो.

गळती कुठे आहे

वाचताना एक बोट ओठांवर आणि दुसऱ्या हाताचं बोट कंठमण्यावर हलकेच ठेवा आणि दोन मिनिटं वाचा. ओठ थरथरतात का, जीभ टाळूला लागून सुटते का, गळ्यात हालचाल जाणवते का, ते पाहा. हालचाल असेल तर तुमचं वाचन बोलण्याच्या वेगाला बांधलेलं आहे.

दुसरी चाचणी नजरेची. फोनचा पुढचा कॅमेरा डोळ्यांवर ठेवून वाचतानाचं मिनिटभर चित्रण करा आणि नंतर ते हळू गतीनं बघा. डोळा टप्प्याटप्प्यानं उजवीकडे जातो आणि ओळ संपली की एकदम डावीकडे येतो. त्या मोठ्या परतीच्या उडीवरून ओळी वेगळ्या करता येतात. बारा शब्दांच्या ओळीत अठरा-वीस टप्पे दिसले, तर शब्दाचे तुकडे करून वाचणं चालू आहे. डावीकडच्या लहान उड्याही मोजा. सरावलेल्या वाचकाच्याही शंभरातल्या दहा-पंधरा उड्या मागे जाणाऱ्या असतात, तेवढं चालतं. ओळीला तीन-चार असतील तर ती सवय आहे.

देवनागरीत वाचायला शिकलेल्या माणसाला इथे एक खास अडथळा असतो. आपली लिपी जशी लिहिली तशी वाचायची, त्यामुळे अक्षर दिसलं की उच्चार करायचा ही सवय पहिलीपासून पक्की होते. इंग्रजी स्पेलिंग उच्चाराशी इतकं इमानी नसतं. थ्रू, दो, थॉट, थरो या शब्दांची अक्षरं जवळजवळ तीच, उच्चार चार तऱ्हांचे. असा शब्द अक्षरं जोडत जोडत वाचायला गेलं की अडखळायला होतं. तो चेहऱ्यासारखा, एका नजरेत ओळखता यायला हवा. त्याला घोकंपट्टी लागत नाही, तोच शब्द पुन्हा पुन्हा भेटावा लागतो. म्हणून पहिल्या आठवड्यात दोनशे शब्दांचा एकच उतारा लागोपाठ चार वेळा वाचा आणि दर वेळी वेळ लिहून ठेवा. चौथ्यांदा वेळ बराच उतरलेला दिसेल. यात पाठांतराचा वाटा आहेच, पण तेच शब्द नव्या उताऱ्यात भेटतात तेव्हा त्यांच्यावरचा थांबा आखूड झालेला असतो.

मनातला आवाज: काय बंद करायचं आणि काय नाही

मनातल्या मनात उच्चारण्याचे दोन थर आहेत. वरचा थर शरीराचा: ओठ, जीभ, गळा. आतला थर नुसत्या आवाजाच्या भासाचा, म्हणजे स्नायू न हलता डोक्यात शब्द ऐकू येणं. पहिला थर घालवायचा. दुसरा पूर्ण घालवता येत नाही आणि घालवूही नये. वाक्याचा शेवट येईपर्यंत त्याची सुरुवात डोक्यात धरून ठेवायचं काम बऱ्याच अंशी हा आवाजच करतो. लांब, गुंतागुंतीच्या वाक्यात तो दाबला की एकेक शब्द कळतो, पण वाक्य कळत नाही.

म्हणूनच वाचताना मनात ‘एक दोन तीन’ म्हणत राहा किंवा गुणगुणत राहा, हा फार ऐकू येणारा सल्ला आम्ही देणार नाही. त्यानं आवाज दबतो खरा, पण त्याच्याबरोबर वाक्यांचे दुवेही जातात, आणि लक्ष अर्ध्यावर वाटलं जातं ते वेगळंच.

शरीराचा थर घालवायची रीत सोपी आणि कंटाळवाणी आहे. ओठ मिटा, जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला टेकवा आणि तिथेच राहू द्या. दर पानाच्या शेवटी एकदा तपासा, मध्येमध्ये नाही; सारखं तपासत राहिलं तर वाचनापेक्षा जिभेकडेच लक्ष राहतं. रोज दहा मिनिटं. जीभ सुटते ती बहुधा अवघड शब्दापाशी. तिथे ती सुटू द्या आणि पुन्हा टेकवा.

आतल्या आवाजाला दाबायचं नाही, हलकं करायचं. तो प्रत्येक शब्द सारख्या वजनानं उच्चारत असेल तर वेग बोलण्याएवढाच राहतो. त्यानं फक्त अर्थ वाहणारे शब्द उचलावेत आणि मधले ऑफ, द, टू, वॉज नुसते नजरेखालून जावेत, इथवर आपल्याला पोचायचं आहे. ते हुकमानं होत नाही. शब्दांऐवजी पदबंध, म्हणजे मिळून एक अर्थ देणारे शब्दांचे गट, वाचायला लागलं की आपोआप होतं.

पदबंधांची फोड

हे वाक्य इंग्रजी लिपीत कागदावर उतरवून घ्या: ‘द वॉटर लेव्हल इन द ओल्ड वेल ड्रॉप्ड शार्पली आफ्टर द न्यू पंप वॉज इन्स्टॉल्ड बिहाइंड द स्कूल.’ अठरा शब्द आहेत. आता पेन्सिलनं तिरक्या रेघा मारा:

द वॉटर लेव्हल / इन द ओल्ड वेल / ड्रॉप्ड शार्पली / आफ्टर द न्यू पंप / वॉज इन्स्टॉल्ड / बिहाइंड द स्कूल

अठराचे सहा झाले. इंग्रजीत लिहिल्यावर मोकळ्या जागा धरून प्रत्येक तुकडा तेरा ते अठरा अक्षरांचा भरतो, म्हणजे एका थांब्यात स्पष्ट दिसणाऱ्या क्षेत्रापेक्षा थोडा मोठा. त्यामुळे एका तुकड्याला एक थांबा पुरेलच असं नाही. दोन लागतात, कधी तीनही. पण सहा तुकड्यांना मिळून बारा-तेरा थांबे लागले, तरी अठरा शब्दांचं वाक्य तीन-सव्वातीन सेकंदांत संपतं. तोच वाचक शब्दागणिक दोनदा थांबला असता तर नऊ सेकंद गेले असते.

रेघ कुठे मारायची, यातच सगळं आहे. इंग्रजीत तुकडा बहुतेकदा छोट्या शब्दानं सुरू होतो: इन, आफ्टर, बिहाइंड, विच, बिकॉज, टू. त्या शब्दाच्या आधी रेघ येते, नंतर नाही. ‘ओल्ड / वेल’ अशी फोड केली तर विशेषण नामापासून तुटतं आणि अर्थ दोनदा जोडावा लागतो. ‘दर तीन शब्दांनी एक तुकडा’ असं यांत्रिक तोडणं म्हणूनच घातक.

पहिले सात दिवस रोज एका उताऱ्याच्या वीस ओळींवर रेघा मारा, मग तोच उतारा रेघांसकट दोनदा वाचा. आठव्या दिवसापासून रेघा न मारता, नुसत्या नजरेनं फोड करत वाचा. याच टप्प्यावर मनातल्या मनात मराठीत भाषांतर करण्याची सवयही सुटायला लागते. भाषांतर शब्दागणिक चालतं. ‘इन द ओल्ड वेल’ एकदम डोळ्यासमोर आलं की जुनी विहीरच दिसते, मधल्या शब्दाची गरज उरत नाही.

समासाच्या आत उतरणं आणि ठोक्यावर वाचणं

नवशिका वाचक ओळीच्या पहिल्या अक्षरावर उतरतो आणि शेवटच्या अक्षरापर्यंत जातो. पहिल्या अक्षराच्या डावीकडे कोरा समास असतो, शेवटच्याच्या उजवीकडेही. म्हणजे दोन्ही टोकांच्या थांब्यांत नजरेचा काही भाग कोऱ्या कागदावर खर्च होतो. सरावलेला वाचक ओळ सुरू झाल्यावर पाच ते सात अक्षरं आत उतरतो आणि शेवटाआधी तेवढीच अक्षरं राहिली असताना परत फिरतो. छापील पुस्तकात ही जागा साधारण एक ते दीड सेंटिमीटर भरते.

तर पट्टीनं पानावर दोन फिकट उभ्या रेघा ओढा. डावी रेघ समासापासून एक सेंटिमीटर आत, उजवी दीड सेंटिमीटर. दोन्ही सारख्या न ठेवण्याचं कारण वर आलंच आहे: थांब्याच्या डावीकडे तीन-चार अक्षरंच स्पष्ट दिसतात, उजवीकडे दुप्पट. डावी रेघ आणखी आत नेली तर ओळीचा पहिला शब्द हरवतो, आणि इंग्रजीत तो कधीकधी ‘नॉट’ असतो.

आता पेन्सिल ओळीखाली धरून डाव्या रेघेपासून उजव्या रेघेपर्यंत एकसारखी सरकवा आणि ओळ संपली की उचलून पुढच्या ओळीच्या डाव्या रेघेवर टेकवा. नजर पेन्सिलच्या टोकावर नको, त्याच्या वरच्या ओळीवर. वेग ठरवायला फोनवरचा मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत ठोके देणारं ॲप, घ्या. बरेच मेट्रोनोम मिनिटाला ४० ठोक्यांच्या खाली जात नाहीत, म्हणून एका ओळीला तीन ठोके धरा: डावीकडे, मध्यावर, उजवीकडे. बारा शब्दांच्या ओळीत ४२ ठोके म्हणजे १४ ओळी, म्हणजे १६८ शब्द. पुढे तीन ठोके वाढवले की वेग बारा शब्दांनी वाढतो: ४५ ला १८०, ४८ ला १९२, ५१ ला २०४. ठोके थांब्यांचे नाहीत, पेन्सिलचे आहेत. डोळ्याला मधे हवं तेवढं थांबू द्या.

मागे जाण्यावर सरसकट बंदी घालू नका. वाचलेला मजकूर झाकून मागे जाणंच अशक्य केलं, तेव्हा वाचकांची समज घटल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. एक एक शब्द चमकवणाऱ्या ॲपची गोमही हीच. तिथे मागे जाता येत नाही आणि पुढचा शब्द कडेनं आधी दिसतही नाही. नियम एवढाच ठेवा: वाक्याच्या मध्यातून मागे फिरायचं नाही. पूर्णविरामापर्यंत जा. अर्थ लागला नसेल तर वाक्याच्या सुरुवातीला या आणि ते एकदाच पुन्हा वाचा. निम्म्याहून जास्त वेळा पूर्णविरामापर्यंत पोचल्यावर अर्थ लागलेला असतो आणि परतावंच लागत नाही, असं दिसेल.

एक उदाहरण, आठवड्यांच्या हिशेबानं

समजा सुरुवात १४९ शब्द आणि दहापैकी आठ अशी आहे, आणि रोज वीस मिनिटं हाताशी आहेत. पहिल्या आठवड्यात मेट्रोनोम नाही: दहा मिनिटं जीभ टेकवून वाचन आणि तोच उतारा चारदा, दहा मिनिटं रेघा. दुसऱ्या आठवड्यात उभ्या रेघा आणि ४२ ठोके. दहा मिनिटं ठोक्यावर, नंतरची दहा ठोक्याशिवाय, मोकळेपणानं. आठवड्याअखेर मोजणी मोकळ्या वाचनाचीच करायची. निकाल १६३ आणि आठ. तिसऱ्या आठवड्यात ४५ ठोके, निकाल १७६ आणि आठ. चौथ्यात ४८ ठोके, वेग १९०, पण बरोबर उत्तरं पाच. दुसऱ्या उताऱ्यातही सहाच.

इथे घाबरून सगळं सोडायचं नाही आणि रेटायचंही नाही. चुकलेले प्रश्न उघडून बघा. नावं-आकडे चुकले असतील तर बहुधा लक्ष भरकटलं होतं. पण उत्तर नेमकं उलटं आलं असेल, लेखक विरोधात असताना तो बाजूनं आहे असं वाटलं असेल, तर छोटे शब्द उडताहेत. ऑफ आणि द वगळले तर बिघडत नाही, पण नॉट, ओन्ली, अनलेस, ऑल्दो, हार्डली हे शब्द लहान असले तरी वाक्य फिरवतात. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांच्यातला फरक तर एका अक्षराचा. यावर उपाय असा: ठोके ४५ वर आणा आणि चार दिवस वाचताना हे शब्द भेटतील तिथे पेन्सिलनं गोल करा. वेग घसरेल, घसरू द्या. पाचव्या दिवशी गोल न करता वाचा. डोळा त्या शब्दांपाशी आपसूक रेंगाळतो. मग पुन्हा ४८. असं करत सहाव्या आठवड्याच्या शेवटी २०५ ते २१५ आणि आठ ही वाजवी अपेक्षा आहे.

पुढे अडीचशेच्या आसपास चढ मंदावतो. मेट्रोनोम तिथे फारसा कामी येत नाही, नुसतं भरपूर वाचन येतं, कारण आता शब्द किती लवकर ओळखता येतो यावरच वेग ठरत असतो.

कराराची कलमं, गणितातली व्याख्या, औषधाच्या मात्रेच्या सूचना, कविता यांच्यासाठी पेन्सिल बाजूला ठेवा आणि जीभ मोकळी सोडा. तिथे शब्दागणिक वाचणंच बरोबर आहे, मोठ्यानं वाचलं तरी चालेल.

फोनवर वाचणाऱ्यांसाठी एवढंच की अरुंद पडद्यावर ओळ पस्तीस-चाळीस अक्षरांचीच असते आणि नजरेला दर दोन सेकंदांनी परतीची उडी मारावी लागते. आधी कागदावर सवय पाडा. संगणकावर खिडकीची रुंदी ओळीला साठ-सत्तर अक्षरं बसतील इतकी करा. त्याहून लांब ओळीत परतताना नजर चुकून वरच्याच ओळीवर उतरते, आणि आपण तीच ओळ दुसऱ्यांदा वाचतो आहोत हे अर्धी झाल्यावर कळतं.